उष्टावणाला चांदीच्या सहा वाट्या येऊ नयेत म्हणून

"मुलीचे उष्टावण करायचे आहे. 'काय आणू?' असे नातेवाईक विचारत आहेत. त्यांना काय सांगावे आणि तयारी कशी करावी?"

जे हवे आहे ते स्पष्ट सांगावे. माझ्या मुलीच्या उष्टावणाच्या वेळी मी यादी करणार होते, पण मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "आहेर मागून घ्यायचा असतो का?" मी गप्प बसले आणि चांदीच्या सहा वाट्या आल्या. मामाने आणलेल्या वाटीतली खीर तिने दोन चमचे खाल्ली; बाकीच्या पाच वाट्या कपाटात काळ्या पडत राहिल्या.

दोन वर्षांनी त्या मोडायला नेल्या. सराफाने एकेक वाटी कसोटीवर घासली आणि सर्वांत जाड, सर्वांत चकचकीत वाटी बाजूला सारून म्हणाला, "ताई, हे जर्मन सिल्व्हर." त्यात चांदी नसतेच, तांबे, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू असतो. उरलेल्या चार वाट्यांपैकी ९२५ चा शिक्का एकीवरच होता. इतरांची शुद्धता कमी धरून त्याने तूट कापली, आणि घडणावळीचे पैसे तर कोणाचेच परत मिळाले नाहीत. ती जाड वाटी कोणी दिली होती हे मी आजवर घरात सांगितलेले नाही, पण यादीला विरोध कोणाचा होता हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून चांदीची वाटी आणि चमचा एकट्या मामाकडून घ्यावा, हॉलमार्क व पावतीसह. चमच्याची कड बोटाने चाचपून पाहावी, कारण नक्षीदार चमचे हिरडीला टोचू शकतात. काका, आत्या, मावशी यांनी मिळून पट्टे असलेली, पाय पसरट असलेली जेवणाची खुर्ची द्यावी. ती रोज वापरली जाते. कपडेच द्यायचे असतील तर वर्ष ते दीड वर्षाच्या मापाचे सांगावेत आणि त्या वयात ऋतू कोणता असेल तेही सांगावे, नाहीतर आमच्यासारखे लोकरीचे झबले वैशाखात मापाचे होते. पायाने ढकलायचा वॉकर कोणी आणणार असेल तर आधीच नको म्हणावे. त्यात मुले पायऱ्यांवरून पडतात. आजी-आजोबांना रोख द्यायची असल्यास ती पाकिटात न ठेवता मुलीच्या नावाच्या खात्यात जावी.

तयारीचे म्हणाल तर मुलीला सातवा महिना लागू द्यावा, म्हणजे सहा महिने पूर्ण होतात. पाचव्यात घाई करू नये. तिची झोप झाल्यानंतरची सकाळची वेळ धरावी. खिरीत कोणी कौतुकाने मध घालू पाहील, त्याला थांबवावे; वर्षाच्या आतील बाळाला मध देत नाहीत, एक बोटसुद्धा नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

यादी मात्र स्वतः पाठवू नये. ती आत्याकडे द्यावी. तिने सांगितले की त्याला मागणे म्हणत नाहीत, हे मला धाकट्याच्या उष्टावणाच्या वेळी कळले. तेव्हा जाऊबाईंनीच खुर्चीची वर्गणी गोळा केली.