पहिल्या कम्युनियनआधी कन्फेशनची भीती

मुलगी आठ वर्षांची आहे. कोल्हापुरात पहिलं कम्युनियन आहे, पण कन्फेशनला फार घाबरते. तयारी कशी करून घेऊ?

पापांची यादी तुम्ही लिहून देऊ नका. 'घरी, शाळेत, देवाशी वागताना कुठं चुकलं?' एवढंच विचारा आणि उत्तर तिच्याजवळच राहू द्या. फादर ते कुणालाच, अगदी तुम्हालाही, सांगू शकत नाहीत हे तिला कळलं की निम्मी भीती जाते. पश्चात्तापाची प्रार्थना मध्येच विसरली तर फादर पुढचे शब्द सांगतात.

पोशाख पांढरा, साधा. बाही तळव्यावर घसरणारी नको, कारण ख्रिस्तप्रसाद हातात घ्यायचा असेल तर तळवे मोकळे हवेत. त्याआधी तासभर पाणी आणि औषध सोडून काही नको. तांबडा-पांढरा रस्सा मिस्सा झाल्यावर. पाहुण्यांची पंगत मोठी असली तरी मुलांसाठी पांढराच जास्त ठेवा.