अल-कुतुब अल-जदीदा: पुस्तकं अनेक, विशेषण एकवचनी

प्रश्न: अरबीत ‘किताब’ पुल्लिंगी आहे, तरी ‘नवी पुस्तकं’ म्हणताना विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी का लावतात? इंग्रजीत भाषांतर करताना त्याने नेमका गोंधळ कुठे होतो?

उत्तर:

मूळ शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, हे मनुष्येतर वस्तूचं अनेकवचन झालं की विशेषणापुरतं बाजूला पडतं. एक नवं पुस्तक म्हणजे ‘किताब जदीद’. दोन असतील तर ‘किताबान जदीदान’, म्हणजे द्विवचनात सगळं सरळ जुळतं. तीन किंवा अधिक झाली की ‘कुतुब जदीदा’. आता ‘कुतुब’ हा सगळा गठ्ठा व्याकरणात एक ‘ती’ ठरतो, आणि हे विशेषणापुरतं थांबत नाही. क्रियापद ‘वसलत’ (ती पोचली), दर्शक ‘हाज़िही’ (ही), संबंधी सर्वनाम ‘अल्लती’ (जी) आणि शेवटी चिकटणारं ‘हा’ (तिला, तिचं) ही सगळी रूपं स्त्रीलिंगी एकवचनीच येतात. अंक मात्र जुनी ओळख विसरत नाही. ‘सलासत कुतुब जदीदा’ यात ‘तीन’चं रूप मूळ ‘किताब’ पुल्लिंगी आहे हे पाहून ठरतं आणि विशेषण गठ्ठ्याकडे पाहून.

मराठी माणसाला हे फार परकं वाटू नये. ‘नवी वही आली’ आणि ‘नवी पुस्तकं आली’ ही वाक्यं शेजारी ठेवा. विशेषण तेच, क्रियापद तेच. ‘ती वही’, ‘ती पुस्तकं’ इथे सर्वनामही तेच. आपल्याकडे नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन दिसायला सारखं असतं. हा योगायोग आहे, दोन्ही भाषांचा त्यात काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला उपयोगी आहे. फक्त तो ‘जुने वाडे’ आणि ‘जुन्या वह्या’ इथे तुटतो. अरबीत वाडे आणि वह्या यांनाही ‘ती’च लागते.

नियमाचा निकष व्याकरणकारांनी ‘आक़िल’ या शब्दाने सांगितला आहे, म्हणजे बुद्धी असलेला. माणसं, देवदूत, जिन्न हे आक़िल. बाकी प्राणी, वस्तू, कल्पना, कंपन्या, देश हे सगळे ग़ैर-आक़िल. म्हणून ‘अल-मुदर्रिसून अल-जुदुद’ (नवे शिक्षक) यात विशेषण खरोखर अनेकवचनी आहे, पण ‘अल-मदारिस अल-जदीदा’ (नव्या शाळा) यात नाही. कुटुंबं माणसांचीच असली तरी शब्द समूहाचा आहे, म्हणून ‘अल-उसर अल-फ़क़ीरा’ (गरीब कुटुंबं). याउलट वस्तू माणसासारखी वागली तर तिला माणसाचं रूप मिळतं. क़ुरआनच्या 12व्या सूरेत चौथ्या आयतीत यूसुफ़ अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्यापुढे नमताना पाहतो. तिथे शब्द आहेत ‘रऐतुहुम ली साजिदीन’. ‘हुम’ आणि ‘साजिदीन’ ही दोन्ही माणसांसाठीची अनेकवचनं आहेत. इंग्रजीत याचं ‘आय सॉ देम’ होतं, आणि ‘देम’ दगडांनाही चालतं, माणसांनाही. तारे माणसांसारखे नमले ही खूण त्या एका शब्दातून पुसली जाते, ती फक्त ‘प्रॉस्ट्रेटिंग’ या क्रियेतून कळते.

आता इंग्रजीकडे. ‘अल-कुतुब अल-जदीदा’चं ‘द न्यू बुक्स’ करताना कोणी अडखळत नाही, कारण इंग्रजी विशेषणाला लिंग-वचन नाहीच. अडचण सुरू होते ती नाम वाक्यातून गळल्यावर. ‘बिअतु अल-कुतुब अल-जदीदा व-तरक्तु अल-क़दीमा’ म्हणजे ‘नवी पुस्तकं विकली, जुनी ठेवली’. इथे ‘अल-क़दीमा’ एकटं उभं आहे आणि दिसायला एकवचनी आहे. नवखा भाषांतरकार ‘द ओल्ड वन’ लिहितो. हवं ‘द ओल्ड वन्स’. तसंच ‘उख़्रा’चं. ‘दौला उख़्रा’ म्हणजे ‘अनदर कंट्री’, पण ‘दुवल उख़्रा’ म्हणजे ‘अदर कंट्रीज’. अरबी विशेषण दोन्हीकडे तेच, म्हणून वचन विशेषणावरून काढूच नका, नेहमी मागचं नाम शोधा.

‘हा’ या सर्वनामाला इंग्रजीत तीन वाटा आहेत: ‘शी/हर’, ‘इट/इट्स’ आणि ‘दे/देअर’. पुस्तकांबद्दल असेल तर ‘देम’ हे उघड आहे. पण ‘मनुष्येतर अनेकवचन दिसलं की दे’ असा ठोकताळा धरला तर विशेषनामांत फसगत होते. ‘अल-उमम अल-मुत्तहिदा’ (संयुक्त राष्ट्रं) आणि ‘अल-विलायात अल-मुत्तहिदा’ (अमेरिकेची संयुक्त संस्थानं) ही रूपाने अनेकवचनं आहेत, पण इंग्रजी त्यांना एक संस्था, एक देश मानते. म्हणून ‘अमीनुहा अल-आम’ म्हणजे ‘इट्स सेक्रेटरी-जनरल’, ‘देअर’ नव्हे.

उलट बाजूने पाहिलं तर हाच नियम अरबीत एक सोय करतो, आणि ती इंग्रजीत हरवते. ‘व्यवस्थापकांनी कंपन्यांशी आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांशी करार केले’ या वाक्यात कोणाचे कर्मचारी? अरबीत ‘मुवज़्ज़फ़ीहा’ असेल तर कंपन्यांचे, ‘मुवज़्ज़फ़ीहिम’ असेल तर व्यवस्थापकांचे. इंग्रजीत दोन्हींचं ‘देअर एम्प्लॉईज’. अशा जागी सर्वनाम वगळून नाम पुन्हा लिहावं: ‘द कंपनीज ओन एम्प्लॉईज’. वाक्य थोडं जड होतं, पण करारपत्रात ते परवडतं.

सर्वांत जास्त चुका मात्र षष्ठीच्या साखळीत होतात, म्हणजे ‘अमक्याचं तमकं’ अशा रचनेत. अरबीत या दोन नामांच्या मध्ये विशेषण घालता येत नाही. ते दोघांच्याही नंतर येतं, मग ते कोणाचंही असो. हे वाक्य घ्या:

‘इत्तलअ अल-मुदक़्क़िक़ अला मुस्तनदात अश-शरिका अल-जदीदा व-अआदहा.’

हिशेब तपासनिसाने ‘मुस्तनदात अश-शरिका अल-जदीदा’ पाहिली आणि परत केली. ‘मुस्तनदात’ म्हणजे कागदपत्रं, मनुष्येतर अनेकवचन, म्हणून त्याला ‘जदीदा’ लागेल. ‘शरिका’ म्हणजे कंपनी, स्त्रीलिंगी एकवचन, म्हणून तिलाही ‘जदीदा’च लागेल. मग कंपनीची नवी कागदपत्रं, की नव्या कंपनीची कागदपत्रं? शेवटचं ‘हा’ही मदत करत नाही. परत केली ती कागदपत्रंच, हे अर्थावरून कळतं, पण ‘नवं’ काय आहे हे त्यातून कळत नाही.

विभक्तीचे स्वर लिहिले असते तर? साखळी वाक्याचा कर्ता असती तर सुटका झाली असती: शेवटी ‘जदीदतु’ आलं तर कागदपत्रं नवी, ‘जदीदति’ आलं तर कंपनी नवी. पण छापील आणि कार्यालयीन अरबीत हे स्वर सहसा लिहीत नाहीत. आणि या वाक्यात लिहिले असते तरी उपयोग नव्हता. ‘अला’ या अव्ययामुळे कागदपत्रंही षष्ठीत गेली, कंपनी आधीच षष्ठीत होती, म्हणून दोन्ही अर्थांत शेवट ‘जदीदति’च.

म्हणून अशी साखळी दिसली की आधी मालक बदलून पाहावा. कंपनीऐवजी ‘मक्तब’ (कार्यालय, पुल्लिंगी) असता तर ‘मुस्तनदात अल-मक्तब अल-जदीदा’मध्ये कागदपत्रंच नवी आणि ‘अल-जदीद’ असेल तर कार्यालयच नवं. मालक माणसं असती तर ‘मुस्तनदात अल-मुवज़्ज़फ़ीन अल-जुदुद’मध्ये कर्मचारीच नवे. म्हणजे साखळीचं पहिलं नाम मनुष्येतर अनेकवचन असलं की या नियमामुळे येणारा धोका फक्त दोनच ठिकाणी: मालक स्त्रीलिंगी एकवचनी असेल तेव्हा, किंवा तोही मनुष्येतर अनेकवचन असेल तेव्हा. अशा बाकीच्या साखळ्यांवर वेळ घालवू नका.

धोक्याच्या जागी पुढची-मागची वाक्यं पाहावीत. आधी कंपनीच्या नोंदणीचा उल्लेख असेल तर कंपनी नवी असण्याचा संभव जास्त. काळजीने लिहिणारा अरबी लेखक साखळी मोडून ‘अल-मुस्तनदात अल-जदीदा लिश-शरिका’ लिहितो, मग शंका राहत नाही. सगळं पाहूनही निर्णय होत नसेल तर इंग्रजीत ‘द न्यू कंपनी डॉक्युमेंट्स’ लिहिता येतं. त्याचेही नेमके तेच दोन अर्थ होतात, म्हणजे मूळ संदिग्धता जशीच्या तशी पोचते. बातमीत हे खपेल. कायदेशीर कागदात मात्र ज्याचा मजकूर आहे त्याला विचारावं, अंदाजाने ‘द कंपनीज न्यू डॉक्युमेंट्स’ लिहून मोकळं होऊ नये.

जोडनामांतही असंच सापडतं. ‘अल-उम्माल वल-आलात अल-जदीदा’ यात ‘उम्माल’ म्हणजे कामगार आणि ‘आलात’ म्हणजे यंत्रं. कामगारांसाठी ‘जुदुद’ लागलं असतं, म्हणून नवी आहेत ती फक्त यंत्रं. इंग्रजीत ‘न्यू’ सवयीने पुढे ओढून ‘द न्यू वर्कर्स अँड मशिन्स’ केलं की न झालेली कामगारभरती पदरात पडते. ‘द वर्कर्स अँड द न्यू मशिन्स’ हे बरोबर. ‘अल-कुतुब वल-मजल्लात अल-क़दीमा’मध्ये मात्र दोन्ही वस्तू आहेत, म्हणून जुनी मासिकं की दोन्ही जुनी, हे रूपावरून ठरत नाही.

शेवटी एक इशारा. वर जो नियम सांगितला तो आजच्या प्रमाण लेखी अरबीत घट्ट आहे, जुन्या अरबीत तितका नव्हता. ‘मोजके दिवस’ क़ुरआनमध्ये 2:80 ला ‘अय्यामन मअदूदा’ आहे आणि 3:24 ला ‘अय्यामन मअदूदात’. नाम तेच, एकदा विशेषण एकवचनी, एकदा अनेकवचनी. रंगांच्या बाबतीत ही दुहेरी सवय अजून टिकून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांना बातम्यांत कधी ‘अल-क़ुब्बआत अज़-ज़र्क़ा’ म्हणतात, कधी ‘अल-क़ुब्बआत अज़-ज़ुर्क़’. दुसरं रूप दिसलं म्हणून मजकुरात चूक आहे असं समजू नका, आणि त्यात वेगळा अर्थही शोधू नका. इंग्रजीत दोन्हींचं ‘ब्लू हेल्मेट्स’च.