लघवी होत होती, तरीही तुंबलेली होती

प्रश्न: माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. रात्री चार-पाच वेळा उठतात, बाथरूममध्ये बराच वेळ लावतात. विचारले की "वय झालं, दुसरं काय" म्हणतात. लघवी होते आहे, दुखत काही नाही, असेही सांगतात. तरी डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह धरावा का?

उत्तर:

आग्रह जरूर धरा, आणि तो याच आठवड्यात धरा. "होते आहे" आणि "दुखत नाही" ही दोन वाक्ये माझ्या वडिलांनीही आम्हाला जवळजवळ दीड वर्ष ऐकवली होती. ती दोन्ही खरी होती, आणि तरीही एका पहाटे ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर कोसळले. आमच्या घरी काय घडले ते सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला नेमके कशाकडे पाहायचे ते कळेल.

अण्णा निवृत्त प्राथमिक शिक्षक, तेव्हा वय ७४. आई गेल्यापासून ते बाहेरच्या खोलीत एकटेच झोपत असत, त्यामुळे रात्री ते किती वेळा उठतात हे आम्हा कोणालाच कळत नव्हते. आमच्या लक्षात आले ते वेगळेच. घराची टाकी संध्याकाळपर्यंत पुरेनाशी झाली. मी प्लंबर बोलावला, त्याने नळ, फ्लश सगळे तपासले आणि गळती कुठेच नाही असे सांगितले. पाणी जात होते ते अण्णा बाथरूममध्ये असताना, कारण ते आत गेले की बादलीखालचा नळ सोडून ठेवत आणि बाहेर येईपर्यंत तो वाहत राही. लघवी थेंब थेंब, थांबून थांबून येत असे आणि धार सुरू होण्यासाठी पाच-पाच मिनिटे जोर करावा लागत असे. तो आवाज सुनेच्या कानी पडू नये म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती. हे त्यांनी मला पुढे दवाखान्यातल्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून सांगितले.

बाकीच्या खुणाही समोरच होत्या, आम्ही त्यांचे अर्थ चुकीचे लावले. पांढरे धोतर सोडून ते गडद रंगाची पँट घालू लागले, तेव्हा आम्हाला वाटले की धोतर धुणे जड जाते. लग्नकार्याला यायचे टाळू लागले, तेव्हा आईच्या आठवणीने मन लागत नसेल असे वाटले. पहाटे उठून स्वतःची चादर स्वतःच धुऊन वाळत घालत, तेव्हा आम्ही त्यांच्या शिस्तीचे कौतुक केले. गादी उचलली तेव्हा तिच्याखाली वर्तमानपत्रांचे जाड थर आणि घडी केलेला प्लास्टिकचा कागद निघाला. उशाशी भरून ठेवलेला तांब्या सकाळी जसाच्या तसा असे, कारण संध्याकाळी पाचनंतर त्यांनी पाणी पिणेच बंद केले होते.

या अंथरूण ओले होण्याविषयी थोडे थांबून सांगतो, कारण सगळी फसगत इथेच होते. लघवी नकळत होते म्हणजे पिशवी सैल पडली, ती धरून ठेवता येत नाही, असे आपण समजतो. अण्णांच्या बाबतीत उलटे होते. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी उतारवयात बहुतेक पुरुषांमध्ये वाढते आणि तिच्यातून जाणारी मूत्रनलिका दाबली जाते. मूत्राशय काही काळ जास्त जोर लावून लघवी बाहेर काढतो, पण वर्षानुवर्षे हा जोर लावून तो थकतो आणि प्रत्येक वेळी थोडी लघवी आत शिल्लक राहू लागते. ही शिल्लक इतक्या सावकाश वाढते की ताणाची जाणीवच बोथट होते, म्हणून दुखत नाही. शेवटी तो काठोकाठ भरलेल्या माठासारखा होतो. वरून चार थेंब पडले की चार थेंब बाहेर सांडतात, आणि झोपेत शरीर सैल झाले की जास्त सांडतात. अशा माणसाला दिवसातून पंधरा वेळा लघवी होते, म्हणून त्याला आणि घरच्यांनाही वाटते की लघवी साफ होते आहे. एकदम अडते तेव्हा माणूस वेदनेने तळमळतो आणि तासाभरात दवाखाना गाठतो. सावकाश तुंबते तेव्हा तो वेळ काढत राहतो, आणि मागे साठलेला दाब दोन्ही मूत्रपिंडांपर्यंत चढत जातो.

कोसळण्यापूर्वीच्या महिन्याभरात अण्णांचे जेवण अर्ध्यावर आले होते. तोंडाला वाईट चव येते, मळमळते म्हणत. आम्ही पित्त समजून सुंठ-साखर दिली. पायांच्या घोट्यांवर सूज दिसू लागली होती आणि दुपारी ते बसल्या बसल्या पेंगत. त्यातच सर्दी झाली आणि त्यांनी कोणाला न सांगता औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून तीन दिवस घेतल्या. सर्दीच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळे करणारे जे औषध असते, तेच मूत्राशयाचे तोंड आवळते, आणि शिंका थांबवणारे जुन्या प्रकारचे औषध मूत्राशयाचा जोर कमी करते. वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाने या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. तुमच्या वडिलांच्या कपाटात त्या असतील तर आजच बाजूला काढा.

चौथ्या पहाटे मला भांडे पडल्याचा आवाज आला. अण्णा उंबऱ्यावर आडवे होते, अंग गार आणि घामेजलेले, हाक मारली तर डोळे उघडत पण उत्तर असंबद्ध देत. नाडी फारच मंद लागत होती. मला वाटले हृदयविकाराचा झटका आला. तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढायला सांगितला, आणि त्याच वेळी सदरा वर करून बेंबीखाली हात ठेवला. तिथे नारळाएवढा घट्ट, गोल उंचवटा होता. त्यांनी त्यावर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टिचकी मारली तेव्हा पोकळ आवाज न येता भरल्या डेऱ्यासारखा बद्द आवाज आला. गेले काही महिने आम्ही त्याला "अण्णांचे पोट सुटले" म्हणत होतो.

नाडी मिनिटाला ३८ होती. रक्तात पोटॅशियम ६.९ आले, जे साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असायला हवे. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन ९.४ आले, जे त्यांच्या वयाच्या पुरुषात सव्वाच्या आसपास चालते. मूत्रपिंडांना बाहेर टाकता न आलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके मंदावत होते, आणि ते कोसळले त्यामुळे. आधी हृदय सांभाळण्यासाठी शिरेतून कॅल्शियम दिले, मग पोटॅशियम उतरवण्यासाठी इन्सुलिन आणि ग्लुकोज, आणि लगोलग लघवीची नळी घातली. निरोगी मूत्राशय चार-पाचशे मिलिलिटरला भरल्याची जाणीव देतो. अण्णांच्या नळीला जोडलेल्या पिशवीत पहिल्या अर्ध्या तासात १७०० मिलिलिटर लघवी जमा झाली.

नळी पडली म्हणजे संकट टळले असे मला वाटले होते, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता खरी राखण आहे." अडथळा निघाल्यावर मूत्रपिंडे साठलेले पाणी आणि क्षार बेसुमार बाहेर टाकू लागतात. पहिल्या दिवशी अण्णांची लघवी तासाला तीन-चारशे मिलिलिटर होत होती, म्हणून दर तासाला मोजून त्याच्या साधारण निम्मे सलाईन दिले जात होते, आणि दिवसातून दोनदा पोटॅशियम व सोडियम तपासले जात होते. रात्री लघवी गुलाबी झाली तेव्हा मी घाबरलो. ताणलेल्या मूत्राशयातला दाब एकदम उतरला की असे होते आणि बहुधा आपोआप थांबते, असे त्यांनी समजावले, आणि तसेच झाले. डायलिसिसची तयारी ठेवली होती, पण तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ५ वर आले आणि अण्णांनी मला नावाने हाक मारली.

सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे लघवी साठून फुगलेली दिसली आणि प्रोस्टेट ७० ग्रॅमची, म्हणजे तरुणपणीच्या तिप्पट-चौपट होती. मूत्रपिंडांपर्यंत दाब गेलेला असल्यामुळे युरॉलॉजिस्टनी नळी काढून पाहण्याचा प्रयोग केला नाही. सहा आठवडे नळी ठेवली, क्रिएटिनिन १.८ वर स्थिरावू दिले आणि मग मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून ग्रंथीचा अडथळा करणारा भाग काढला. कर्करोग निघाला नाही. मात्र क्रिएटिनिन १.८ च्या खाली आजतागायत उतरले नाही, आणि लघवी करून आल्यावरही सव्वाशे मिलिलिटर आत राहतेच. दीड वर्षात जे गेले ते परत आले नाही.

त्यांनी का लपवले, हे मी त्यांना एकदाच विचारले. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला अशाच शस्त्रक्रियेनंतर कायमची नळी लागली होती, असे त्यांनी ऐकले होते. आणि दुसरे ते म्हणाले, "अरे, तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं. सूनबाईपुढे काय बोलणार?" त्यामुळे तुम्ही विचाराल तेव्हा एकट्याने विचारा, घरातल्या पुरुषाने विचारले तर अधिक बरे. "लघवी होते का" असे विचारू नका, त्याचे उत्तर होयच येणार. धार सुरू व्हायला थांबावे लागते का, मध्येच तुटते का, करून आल्यावर पुन्हा लगेच जावेसे वाटते का, आणि रात्री अंथरूण ओले होते का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला ते गप्प राहिले तर तेच उत्तर समजा.

सोनोग्राफी सांगितली तर लघवी करून आल्यानंतर किती शिल्लक राहते तेही मोजायला सांगा, नाहीतर नुसता "प्रोस्टेट वाढली आहे" एवढाच शेरा हाती येतो. सोबत क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतील, ते मिनिटभराचे असते, पण वडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते तिथून उठून येतील. वेळेवर कळले तर बहुतेकांचे गोळ्यांवर भागते. मूत्रमार्ग सैल करणारी गोळी काही दिवसांत फरक दाखवते, पण सुरुवातीला एकदम उठल्यावर भोवळ आणते, म्हणून ती सहसा रात्री झोपताना देतात. ग्रंथी लहान करणाऱ्या गोळीचा गुण यायला सहा महिने लागू शकतात, तेवढ्यात ती सोडू नये. आणि ते पेंगू लागले, घोटे सुजले, जेवण तुटले किंवा बेंबीखाली गोळा लागला, तर बाह्यरुग्ण विभागाच्या तारखेची वाट न पाहता सरळ तातडीच्या विभागात न्या.