आधी चेहऱ्याचे पिक्सेल मोजा

आपण समाजमाध्यमांवर नव्याने छायाचित्रे टाकू लागला आहात आणि त्यांतील चेहऱ्यावरून कोणी बनावट चित्र करू नये याची काळजी घ्यायला हवी, म्हणून आधी हे सांगतो की खाते खाजगी केले तरी इन्स्टाग्रामवरील प्रोफाइल फोटो सर्वांना दिसतो. तेथे जवळून घेतलेला, समोर पाहणारा चेहरा ठेवू नये. व्हॉट्सॲपवर मात्र तो फक्त संपर्कातील लोकांना दिसेल असे ठरवता येते.

आकार कमी करताना संपूर्ण चित्राची नव्हे, चेहऱ्याची रुंदी पाहावी. ४००० पिक्सेल रुंद चित्रात चेहरा ८०० पिक्सेल असेल, तर चित्र ८०० वर आणल्यावर तो १६० उरतो. त्वचेचे बारकावे जातात, तरी ओळख पुसली जात नाही, आणि मूळ मोठी प्रत दुसऱ्या अल्बममध्ये उघडी राहिली तर हे श्रम वाया जातात.

चित्रात सहज न जाणवणारे बारीक बदल करणाऱ्या साधनांपैकी शिकागो विद्यापीठातील फॉक्स हे चेहरा ओळखणाऱ्या प्रणालींना चकवण्यासाठी आहे, तर तेथीलच ग्लेझ चित्रकाराच्या शैलीची नक्कल रोखण्यासाठी. त्यामुळे तुमच्या चेहऱ्यावरून बनावट चित्र तयार होणे टाळण्यासाठी या दोहोंच्या भरवशावर राहू नये. वापरायचेच असल्यास आधी आकार घटवावा आणि मग या बदलांचे आवरण चढवावे, कारण नंतरच्या आकारबदलाने ते क्षीण होऊ शकते.