चलनावर सही झाली, पण माल कोटेशनप्रमाणे नाही

प्रश्न : घराच्या नूतनीकरणासाठी दुकानातून १८ मिमी मरीन प्लायच्या २४ शीट घेतल्या. कोटेशनमध्ये आयएस ७१०, करांसह ३,८४० रुपये शीट असं लिहिलंय. ७०,००० रुपये आधीच दिलेत. यादीवर खुणा करायला बसलो तर शीट २२ आणि त्यातल्या ८ शीटवर आयएस ३०३ चा, म्हणजे साध्या प्लायचा, शिक्का. तोवर आईने चलनावर ‘माल बरोबर मिळाला’ म्हणून सही केली होती आणि सुताराने त्या ८ मधल्या ३ कापल्याही. दुकानदार म्हणतो, सही झाली, आता बाकी टाका.

उत्तर : आधी सुताराला थांबवा. सनमायका चिकटला की शिक्का दिसेनासा होतो, आणि तुमचा खरा पुरावा तोच आहे. ८ शीटच्या शिक्क्यांचे फोटो काढा, कापलेल्यांचे तुकडेसुद्धा जपा. न कापलेल्या ५ बाजूला रचून ठेवा.

सहीचा बाऊ करू नका. ती तुमच्या विरुद्ध पुरावा ठरते हे खरं, पण तो खोडता येतो. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ४१ नुसार माल तपासायची वाजवी संधी मिळाल्याशिवाय तो स्वीकारला असं धरत नाहीत. टेम्पोवाला घाई करत असताना कोणी शिक्के वाचत नाही.

कलम ३७ तुमच्याच प्रसंगासाठी लिहिल्यासारखं आहे. ठरलेल्या मालात भलताच माल मिसळून आला, तर ठरलेला ठेवून बाकीचा नाकारता येतो. म्हणून त्या ५ शीट नाकारा. त्या दुकानात पोचवणं तुमचं काम नाही, नाकारल्याचं कळवलंत की पुरे (कलम ४३). मात्र लगेच कळवा. गप्प बसून माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारल्यासारखाच.

कापलेल्या ३ परत करता येणार नाहीत, कारण करवत चालवणं म्हणजे स्वीकारणंच. तिथे फक्त फरक मागता येतो. त्याच जाडीची आयएस ३०३ शीट २,७२० ला मिळत असेल, तर तीन शीटचे ३,३६० रुपये होतात.

आता बाकी बघा. एकूण ९२,१६०, त्यातले २२,१६० द्यायचे उरलेत. कमी आलेल्या २ आणि नाकारलेल्या ५ दुकानदाराने ठरल्याप्रमाणे आणून दिल्या, तर बाकीतून ३,३६० वजा करून १८,८०० द्या. नाहीच दिल्या, तर वजावट ३०,२४० होते, म्हणजे उलट त्यानेच तुम्हाला ८,०८० द्यायचे. हा हिशेब कोटेशनचा क्रमांक घालून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि तोच स्पीड पोस्टनेही.

दाद लागली नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती चालते, आणि मालाची किंमत ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही.

पुढचा माल येईल तेव्हा आईंना चलनावर सहीच्या वर ‘नग मोजले, शिक्के तपासायचे आहेत’ एवढं लिहायला सांगा.