'बरं आहे'च्या पुढे

बेटा,

'नमस्कार, कसे आहात?' 'बरं आहे.' आणि मग दोघंही मांडवातल्या कूलरकडे बघत उभे! लग्नात अनोळखी माणसाशी 'बरं आहे'च्या पुढे काय बोलायचं, असं तू विचारलंस; तुझं पत्र वाचून हसू आलं. 'कसे आहात'चं उत्तर ठरलेलं असतं. ते दिलं की समोरच्याचं काम संपलं.

एरवी एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदही लागत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की चार सेकंदांची शांतता पडली तरी माणसाला आपण नकोसे झालो असं वाटू लागतं. म्हणजे समोरचाही तुझ्याइतकाच अवघडलेला असतो. तू काही साधं बोललास तरी त्याला सुटल्यासारखं होईल.

दोघांच्या डोळ्यांसमोर जे आहे त्यावर एक वाक्य बोल आणि त्याला सोपा प्रश्न जोड. समज, मे महिना, वर्धा रोडवरचं मंगल कार्यालय. "कूलरसमोर जागा मिळायला नशीब लागते बाप्पा! लांबून आलात का?" तो म्हणेल, "उमरेडहून." इथे 'अच्छा' म्हणालास की पुन्हा कूलर. 'उमरेड' हा शब्द त्यानं दिलाय, तोच उचल. फक्त "वाघ दिसतो का?" विचारू नको. कऱ्हांडल्याचं जंगल जवळ, त्यामुळे तिथल्या माणसाला जो तो हेच विचारतो आणि त्याचं उत्तरही पाठ असतं. "एवढ्या उन्हात कसे आलात?" असं विचार.

"सकाळीच निघालो. पोरगा येणार होता, पण त्याचा क्लास आहे."

आता नीट ऐक. सकाळी निघाल्याचं त्यानं तू विचारलंस म्हणून सांगितलं. पोराचं मात्र न विचारता आलं. जे न विचारता येतं ते माणसाच्या मनात वर असतं, म्हणून धागा तोच पकड. पण लगेच पुढचा प्रश्न टाकू नको, लागोपाठ तीन प्रश्न झाले की उलटतपासणी वाटते. आधी स्वतःचं थोडं सांग: "माझाही बारावीचा उन्हाळा क्लासमध्येच गेला. कशाची तयारी करतोय तो?" बाप असेल तर पुढची पाच मिनिटं तोच बोलेल.

पगार आणि लग्न हे विषय टाळ. आडनावही खोदून विचारू नको. 'पूर्ण नाव काय?' यामागे जात शोधली जातेय हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं, आणि माणूस तिथेच मिटतो.

कधी काहीच लागू पडत नाही. दोन वेळा एका शब्दात उत्तर आलं आणि नजर मोबाईलवर गेली, तर तो थकला असेल किंवा त्याला बोलायचं नसेल. तिसरा प्रश्न शोधत बसू नको. "चला, मी जेवून घेतो, भेटू," म्हण आणि पंगतीकडे निघ.

तुझा,
काका