षटकोनासाठी बार कितीचा घ्यायचा? वाचकांचे प्रश्न

या विषयावरच्या पत्रांत एकच घोटाळा पुन्हा पुन्हा दिसतो. ड्रॉइंगवर माप असतं समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं, म्हणजे एएफ. बार मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या मापाने निवडावा लागतो.

एएफ २४ चा षटकोन मिलिंगवर काढायचा आहे. गोल बार कितीचा आणू?

२४ गुणिले १.१५४७, म्हणजे कोपऱ्यांवर २७.७१, २८ चा ब्राइट बार पुरतो. बाहेरून टर्निंगही करायचं असेल किंवा काळा बार असेल, तर ३० चा घ्या.

आमचे फोरमन म्हणतात, एएफमध्ये चार मिळवले की बार मिळाला. हे बरोबर आहे ना?

२४ ला जमतं, म्हणून हा तोडगा टिकून आहे. एएफ ३० ला कोपऱ्यांवर ३४.६४ लागतात आणि चार मिळवून येतात ३४. तिथेच सहाही कोपरे बोथट होतात. 'चार दशांश कशाला, १.१५ पुरे' म्हणणारेही भेटतात. २४ ला त्यांचं उत्तर २७.६० येतं, म्हणजे ०.११ कमी. खिशातल्या मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना अंदाजपंचे कशाला?

दुकानदाराने २८ चा म्हणून दिलेला बार २७ च भरला. एएफ २४ चे जॉब काढून झालेत, एएफ मापात आहे, पानाही छान बसतो. पार्टीला पाठवू का?

थांबा. पाना बसतो तो एएफवर. कोपऱ्यांबद्दल तो काहीच सांगत नाही. पान्यात थोडी मोकळीक असतेच. जोर लावला की पाना किंचित फिरतो आणि सपाट बाजूच्या मधोमध न दाबता कोपऱ्याजवळ दाबतो. तिथलं मटेरियल नसेल तर दाब आत सरकतो, तरफ आखूड होते आणि तेवढाच टॉर्क द्यायला जास्त जोर लागतो. मग उरलेला कोपराही झिजतो. तुमच्याकडे छान बसलेला पाना गिऱ्हाइकाकडे चौथ्यांदा आवळताना घसरतो.

आता तुमचा जॉब पाहू. पुऱ्या षटकोनाची प्रत्येक सपाट बाजू १३.८६ रुंद असते. २७ च्या बारवर ती १२.३७ भरेल आणि कोपऱ्यावर बारचा मूळ गोलवा दिसेल. २६ चा बार असता तर बाजू बरोबर १० भरली असती. म्हणजे बारचं बिल हरवलं तरी व्हर्नियर सपाट बाजूवर आडवा धरून बार कितीचा होता ते कळतं.

जॉब एम १६ चा साधा नट असेल, तर प्रमाणाप्रमाणे कोपऱ्यांवर किमान २६.७५ हवेत. २७ त्यात बसतो, २६ बसत नाही. पण हे माप फक्त त्या नटापुरतं आहे. फिटिंग, प्लग किंवा शाफ्टचं टोक असेल तर ड्रॉइंगवरची कोपऱ्यांची मर्यादा पाहा. ती लिहिलेली नसेल तर डिझाइनवाल्याला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'चालेल हो' रिजेक्शनच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

कोपरे मोजायचेही धड मोजा. आधी बर काढा, नाहीतर बरच मापात येऊन जॉब पास होतो. चँफर केलेल्या तोंडावर कोपरा कापलेलाच असतो, म्हणून माप षटकोनाच्या उंचीच्या मध्यावर घ्या आणि तिन्ही जोड्या मोजा. एकच जोडी मोजून शिक्का मारणं म्हणजे तपासणी नव्हे.

आणि त्या दुकानदाराचं काय? बार उतरवताना दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजला असता, तर हा प्रश्नच आला नसता. ब्राइट बार एच ११ चा असेल तर २८ चा फार तर २७.८७ पर्यंत उतरतो. २७ भरला तर तो २८ चा बार नव्हेच, परत पाठवा.

बार २८ चा, मापात आहे. तरी कोपरे एकाच अंगाला गोल राहतात. डिव्हायडिंग हेड बिघडलं का?

बहुधा नाही. एएफच्या तिन्ही जोड्या सारख्या येत असतील तर बार मध्यावर धरलेला नाही. २७.८७ च्या बारवर कोपऱ्याला जेमतेम ०.०८ इतकीच जागा शिल्लक असते. त्याहून जास्त मध्य सरकला की त्या अंगाचे कोपरे भरत नाहीत. चकमध्ये धरलेला बार डायलखाली फिरवा. डायलचा काटा ०.१६ हून जास्त हलला, तर सरकणं ०.०८ च्या वर गेलं. मग जबडे साफ करून पुन्हा धरा, किंवा ३० चा बार घेऊन आधी टर्न करा. बार मध्यावर असूनही एएफ सारखे पण कोपऱ्यांच्या जोड्या वेगवेगळ्या, असं असेल तर मात्र इंडेक्सिंग पाहा. चाळीसच्या हेडला सहा पूर्ण फेरे आणि अठराच्या वर्तुळावर बारा भोकं. तेही बरोबर असेल तर हेड मेंटेनन्सवाल्याला दाखवा, स्वतः खोलू नका.

सरळ हेक्स बारच घेतला तर?

नग जास्त असतील तर तोच घ्या, पण ओढलेल्या बारचे कोपरे किंचित बोथट असतात. ऑर्डरआधी एक तुकडा मागवून मोजा.